‘ठीक आहे’ एवढ्या मेलनं करार कधी होतो? काजूच्या एका सौद्यावरून

“बाई, सही खंय केलंय मी? तो नुसतो मेल होतो!”

वेंगुर्ले तालुक्यात काजूचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एक बाई माझ्यासमोर बसून हे म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या हातात पुण्याच्या व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस होती. हा प्रश्न मला वर्षातून पाच-सात वेळा तरी ऐकू येतो, कधी काजूवाल्यांकडून, कधी होमस्टेवाल्यांकडून, कधी मासळी पाठवणाऱ्यांकडून. म्हणून या एकाच सौद्याचे मेल उलगडून, पाठवणारा नेमका कुठल्या ओळीला बांधला जातो आणि तसं होऊ नये म्हणून काय करायचं, ते क्रमानं सांगते. ओळख पटू नये म्हणून तारखा आणि आकडे बदलले आहेत.

आधी सहीचा गैरसमज

आपल्याकडे करार म्हटलं की स्टॅम्प पेपर, खाली दोन सह्या आणि साक्षीदार डोळ्यांसमोर येतात. भारतीय करार कायदा, १८७२ मालाच्या साध्या विक्रीसाठी यातलं काहीच मागत नाही. एकानं प्रस्ताव द्यायचा, दुसऱ्यानं तो जसाच्या तसा स्वीकारायचा, मोबदला ठरलेला हवा आणि दोघांची संमती मोकळी हवी. तोंडी सौदासुद्धा करारच असतो, फक्त तो सिद्ध करणं कठीण जातं.

प्रस्ताव आणि स्वीकृती मेलवर झाली तर काय, याचं उत्तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०-अ मध्ये आहे. २००८ च्या दुरुस्तीनं आलेलं हे कलम २००९ पासून लागू आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला या कारणासाठी करार अमलात आणण्याजोगा नाही असं म्हणता येणार नाही, असं ते सांगते. मात्र कच्चा करार त्यानं पक्का होत नाही. कागदावर जो सौदा अर्धवट ठरला असता, तो मेलवरही अर्धवटच. व्हॉट्सॲपच्या संदेशांनाही हाच नियम.

त्यामुळे सही कुठे केली हा प्रश्न बाजूला ठेवून, प्रस्ताव कुठला आणि स्वीकृती कुठली हे शोधायचं.

पायरी पहिली: सगळे मेल तारीख-वेळेनुसार मांडा

मी बाईंना दोघांमधले सगळे मेल ओळीनं छापून आणायला सांगितलं.

३ मार्चला व्यापाऱ्यानं काजूगराच्या डब्ल्यू ३२० या प्रतीबद्दल विचारलं होतं, “डब्ल्यू ३२० चा काय दर चाललाय? शंभर टिन लागतील.” ही नुसती चौकशी. तिनं कोणीच बांधलं जात नाही.

४ मार्चला बाईंनी लिहिलं, “डब्ल्यू ३२०, दहा किलोचे १०० टिन, ७६० रुपये किलो, जीएसटी वेगळा. माल कारखान्यावरून उचलायचा. ३० टक्के आगाऊ. ३१ मार्चपर्यंत माल देऊ. दर ८ तारखेपर्यंत.” माल कुठला, किती, काय दराने, कधी आणि कुठे, हे सगळं यात आहे. हा पक्का प्रस्ताव झाला. नुसतं दरपत्रक चार जणांना पाठवलं असतं, तर ते बहुधा प्रस्ताव ठरलं नसतं. इथे एका माणसाला, ठरावीक मालासाठी, मुदतीसह लिहिलेलं होतं.

६ मार्चला सकाळी ११:२० ला व्यापाऱ्याचं उत्तर आलं, “मान्य आहे, पण माल पुण्यात पोच हवा, भाडं तुमचं.” त्यानं “मान्य” लिहिलं म्हणजे इथेच सौदा झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. करार कायद्याचं कलम ७ म्हणतं की स्वीकृती निखळ आणि बिनशर्त हवी. “पण” आला की ती स्वीकृती उरत नाही, तो उलट प्रस्ताव होतो आणि बाईंचा मूळ प्रस्ताव तिथेच संपतो. त्या क्षणी दोघंही मोकळे होते. बाईंनी उत्तरच दिलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं, कारण गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.

त्याच दिवशी दुपारी ४:४५ ला बाईंनी लिहिलं, “ठीक आहे. पुणे पोच देऊ, भाडं आमचं. आगाऊ आली की माल काढायला घेते. पक्का करार टाईप करून नंतर पाठवते.”

करार या मेलनं झाला. व्यापाऱ्याचा उलट प्रस्ताव बाईंनी कुठलीही नवी अट न घालता स्वीकारला. आगाऊ रकमेची अट नवी नव्हती, ती ४ तारखेपासूनच होती.

८ तारखेला व्यापाऱ्यानं २,२८,००० रुपये भरले. हजार किलोचे ७६० नं ७,६०,००० होतात, त्याचे हे बरोबर ३० टक्के. आणि ९ तारखेला बाईंचा मेल गेला, “दर परवडत नाही, ८४० करा, नाहीतर सौदा रद्द.”

हे त्यांनी लबाडीनं केलं नव्हतं. किलोभर गर मिळायला साधारण चार-साडेचार किलो काजू बी लागते. त्या आठवड्यात बीचा दर किलोमागे अठरा-वीस रुपयांनी चढला, म्हणजे गराचा खर्च ऐंशीच्या आसपास वाढला. बाईंनी सगळी बी भरायच्या आधीच गराचा दर दिला होता. मला त्यांची अडचण मनापासून कळत होती, पण कायद्यात तिला जागा नव्हती. भाव चढल्यामुळे करार पाळणं तोट्याचं होतं, अशक्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६० साली, अलोपी परशाद यांच्या सैन्याला तूप पुरवण्याच्या खटल्यात, हेच सांगितलं होतं.

“पक्का करार नंतर पाठवते” या वाक्याचं काय?

बाईंचा सगळा भर या वाक्यावर होता. कागद व्हायचा बाकी होता, मग करार कसा झाला?

या मुद्द्यावर २०१० सालचा ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तिथेही मालाचाच सौदा होता, ऑस्ट्रेलियातून भारतात येणाऱ्या बॉक्साईटच्या पाच खेपा. १५ ऑक्टोबर २००७ ला प्रस्ताव मेलनं गेला, १६ तारखेला पाच खेपांना मेलनंच होकार आला. सविस्तर करारावर सह्या झाल्या नव्हत्या. पुढे खरेदीदारानं करार झालाच नव्हता असं म्हटलं. न्यायालयानं ते मानलं नाही. मुख्य अटी ठरल्या असतील आणि बिनशर्त होकार पोचला असेल, तर नंतर कागद करायचा राहिला म्हणून झालेला करार नाहीसा होत नाही.

पण “कागद नंतर करू” आणि “कागद झाल्याशिवाय मी बांधील नाही” यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात सौदा झालेला आहे, कागद ही त्याची नोंद. दुसऱ्यात कागद हीच सौद्याची अट. बाईंनी पहिलं लिहिलं होतं. दुसरं हवं असेल तर ते असं स्पष्ट लिहावं लागतं:

“ही फक्त बोलणी आहेत. दोन्ही बाजूंनी सही केलेला लेखी करार होईपर्यंत कोणीही बांधील नाही.”

ही ओळ पहिल्या मेलपासून शेवटच्या मेलपर्यंत ठेवायची. आणि तिच्याविरुद्ध वागायचं नाही. वर ही ओळ लिहून खाली आगाऊ रक्कम घेतली आणि माल भरायला सुरुवात केली, तर तुमचं वागणंच होकार धरलं जाऊ शकतं.

पायरी दुसरी: मेल “गेला” कधी आणि “पोचला” कधी

पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाची. म्हणून हे नीट समजून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मेल गेला असं तेव्हा धरतात, जेव्हा तो पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक व्यवस्थेत शिरतो. तुम्ही बटण दाबलं पण रेंज नसल्यानं मेल Outbox मध्ये अडकला, तर तो गेलेला नाही, अजून काढून टाकता येतो. तो Sent मध्ये दिसला की सहसा हातातून सुटलेला असतो.

समोरच्यानं एखादा ठरावीक पत्ता दिला असेल, तर त्या पत्त्याच्या व्यवस्थेत मेल शिरताच तो पोचला. त्यानं उघडून वाचला की नाही, हे तिथे पाहिलं जात नाही. ठरलेला पत्ता सोडून त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठवलात, तर मात्र तो मेल त्यानं उघडून घेतल्यावरच पोचला असं धरतात. म्हणून पहिल्याच मेलमध्ये “सौद्याचे मेल याच पत्त्यावर पाठवा” असं लिहावं.

याच कलमाची एक बाजू कोकणातल्या विक्रेत्याला जड जाते. मेल पोचण्याची जागा म्हणजे घेणाऱ्याच्या धंद्याची जागा. आणि भगवानदास गोवर्धनदास केडिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६५ साली टेलिफोनवरच्या सौद्याबद्दल ठरवलं होतं की होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. हेच तत्त्व मेलला लावलं की बाईंचा होकार पुण्यात पोचला, म्हणून दावा पुण्यात दाखल होऊ शकतो. प्रत्येक तारखेला वेंगुर्ल्याहून पुण्याला जायचं, हा खर्च शंभर टिनांच्या नफ्यात बसत नाही. त्यासाठी प्रस्तावातच एक ओळ घालावी, “वाद झाल्यास फक्त सिंधुदुर्ग जिल्ह्यातील न्यायालयात.” ज्या न्यायालयाला मुळात अधिकार पोचतो, त्यांपैकीच एक असं निवडता येतं, म्हणून माल कारखान्यावर ताब्यात देण्याची अट असेल तर ही ओळ जास्त टिकते.

पायरी तिसरी: मेल कोणी पाठवला?

नोटिशीला उत्तर देताना बाईंनी हळूच सांगितलं की ४:४५ चा मेल त्यांच्या भाच्यानं टाईप केला होता. त्यांच्याच सांगण्यावरून, पण बोटं त्याची. यानं सुटका होईल का, असं त्यांना विचारायचं होतं.

होणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मेल तुम्ही स्वतः पाठवला, तुमच्या वतीनं वागायचा अधिकार असलेल्यानं पाठवला किंवा तुम्ही लावून ठेवलेल्या यंत्रणेनं आपोआप पाठवला, तिन्ही तुमचेच. होमस्टेवाल्यांनी शेवटचा प्रकार लक्षात ठेवावा. “तुमचं बुकिंग पक्कं झालं” असं आपोआप उत्तर लावून ठेवलं असेल, तर खोली रिकामी नव्हती हे नंतर सांगून भागत नाही.

खरोखर दुसऱ्या कोणी, परवानगीशिवाय, खातं उघडून मेल पाठवला असेल तर गोष्ट वेगळी. न्यायालय मेलमधला मजकूर पाठवला तसाच पोचला असं गृहीत धरू शकतं, पण तो कोणी पाठवला हे गृहीत धरत नाही. हे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९० मध्ये आहे. त्यामुळे समोरच्याला जोडपुरावा आणावा लागतो. आमच्या सौद्यात तो भरपूर होता. त्याच खात्यावरून आधीचे सौदे झाले होते, मेलनंतर आगाऊ रक्कम बाईंच्या बँक खात्यात आली होती, आणि ९ तारखेच्या मेलमध्ये बाईंनी स्वतःच “सौदा रद्द” लिहिलं होतं. नसलेला सौदा कोणी रद्द करत नाही.

डिजिटल सही कुठे उपयोगी पडते

पाठवणाऱ्याची ओळख पटवणं, हेच डिजिटल सहीचं खरं काम. मेलखाली टाईप केलेलं नाव किंवा पीडीएफवर चिकटवलेलं सहीचं चित्र, दोन्ही तुमचा इरादा दाखवतात, पण कोणीही ती उचलून लावू शकतं. परवानाधारक संस्थेनं दिलेल्या प्रमाणपत्राची डिजिटल सही आणि आधारवर ओटीपी घेऊन होणारी ई-सही यांना कायदा हाताच्या सहीइतकी मान्यता देतो. शिवाय सही झाल्यावर मजकुरात एक आकडा जरी बदलला, तरी ते उघड होतं.

सही केलेली पीडीएफ आली की ती मोबाईलवर नुसती पाहून सोडू नका. संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये उघडा आणि Signature Panel पाहा. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या. सहीनंतर दस्तऐवज बदललेला नाही असं म्हटलंय का, आणि सही करणाऱ्याची ओळख पटली आहे का. भारतीय सह्यांवर पुष्कळदा पिवळं प्रश्नचिन्ह आणि Signature validity is UNKNOWN असं येतं. त्यानं घाबरू नका. तुमच्या संगणकानं भारताच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास नोंदवलेला नसला की असं होतं, सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. मात्र सहीनंतर मजकूर बदलल्याचं दाखवत असेल, तर तिथेच थांबा आणि नवी प्रत मागवा. प्रमाणपत्रात नाव कोणाचं आहे आणि सहीच्या दिवशी त्याची मुदत चालू होती का, हेही पाहा. अशा पीडीएफची छापील प्रत म्हणजे नुसतं चित्र. सही तपासता येते ती मूळ फाईलमध्येच, म्हणून तीच जपा.

एक गोष्ट मी प्रत्येक कारखानदाराला कळकळीनं सांगते. जीएसटी भरण्यासाठी तुमची डिजिटल सही ज्यात साठवलेली असते तो यूएसबी टोकन कर सल्लागाराच्या कपाटात असतो आणि पिन त्यावर चिकटवलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे त्यातली खासगी किल्ली, म्हणजे जिच्यामुळे तुमची सही उमटते ती गुप्त खूण, सांभाळायची जबाबदारी तुमची आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती पडल्याचं तुम्ही प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवत नाही तोवर परिणामही तुमच्यावर येतात. टोकन आजच परत आणा. टोकन हरवला तर त्याच दिवशी प्रमाणपत्र रद्द करायला लेखी कळवा.

मेल जिथे पुरत नाही

मृत्युपत्र आणि न्यासाचे दस्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालत नाहीत. कुलमुखत्यारपत्र आणि वचनचिठ्ठीचंही तेच, त्यात बँका-वित्तसंस्थांसाठी काही अपवाद २०२२ पासून आहेत. काजूची बाग विकण्याची बोलणी मेलवर होतात, पण शंभर रुपयांवरच्या जमिनीची मालकी नोंदणीकृत दस्ताशिवाय बदलत नाही.

पायरी चौथी: पुरावा आजच बाजूला काढा

वाद उभा राहील असं वाटलं की मेलचा स्क्रीनशॉट काढून लोक निश्चिंत होतात. स्क्रीनशॉटमध्ये मेल कुठल्या सर्व्हरवरून, कुठल्या क्षणी आला ही माहिती नसते. मेल दुसऱ्याला फॉरवर्ड केला तरी ती माहिती मूळ रूपात राहत नाही. जीमेलमध्ये तो मेल उघडा, तीन ठिपक्यांवरून Show original निवडा आणि Download Original वर क्लिक करा. .eml फाईल उतरेल. प्रत्येक मेलची अशी फाईल घ्या, होकाराचाच नाही, चौकशीचासुद्धा. मग विंडोजच्या संगणकावर, फाईल आहे त्याच फोल्डरमध्ये Command Prompt उघडून, mail.eml च्या जागी तुमच्या फाईलचं नाव घालून तिचा हॅश काढा:

```
certutil -hashfile mail.eml SHA256
```

उत्तरात येणारी अक्षर-अंकांची लांब ओळ म्हणजे फाईलचा अंगठा. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ बदलते. ती तारखेसह लिहून ठेवा, कारण न्यायालयात मेलची प्रत देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश मागितलेला आहे. १ जुलै २०२४ पासून या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक मेल सांभाळणाऱ्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. असं प्रमाणपत्र जोडण्याची सक्ती नवी नाही. त्याआधीच्या कायद्यातही सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या निवडणूक खटल्यात ती ठाम केली होती.

बांधून घ्यायचं नसेल तेव्हाचा मेल

बाईंनी ४ मार्चचा मेल कसा लिहायला हवा होता, ते मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं. दर आणि माल तोच, खाली तीन ओळी जास्त. “हा दर काजू बीच्या आजच्या भावावर आहे, आमची लेखी पक्की ऑर्डर-पोच जाईपर्यंत बदलू शकतो.” “आमचा मेल मिळाल्याची पोच आमच्याकडे येईपर्यंत तो आमच्यावर बंधनकारक नाही.” आणि न्यायालयाची ओळ. यातली दुसरी ओळ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १२ वर उभी आहे. अशी अट तुम्ही घातली आणि पोच आली नाही, तर मेल पाठवलाच नव्हता असं कायदा धरतो.

झालेला करार निस्तरताना

आमच्याकडे मात्र जुनाच मेल होता. मी बाईंना हिशोब मांडून दाखवला. व्यापाऱ्यानं तेवढाच माल बाजारातून, पुणे पोच, ८३५ नं घेतला तर करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे किलोमागे ७५ रुपये, म्हणजे हजार किलोला ७५,००० रुपये भरपाई, आणि आगाऊ रक्कम परत. उलट जुन्या दरानं सगळा माल दिला तर, सगळी बी नव्या भावानं धरली तर, बाईंना ८० च्या हिशोबानं साधारण ८०,००० चा फटका आणि शिवाय भाडं. त्यांच्याकडे आधी भरलेली बी साठ टिनांपुरती होती, तेवढा माल जुन्या दरानं देणं त्यांना परवडणारं होतं. व्यापाऱ्यालाही खटल्यापेक्षा माल हवा होता.

साठ टिन ७६० नं, पुणे पोच. त्याचे ४,५६,००० होतात. आगाऊ २,२८,००० वजा. उरलेल्या चाळीस टिनांची पूर्ण भरपाई ३०,००० झाली असती, ती १५,००० वर मिटली. जीएसटी सोडून व्यापाऱ्यानं २,१३,००० द्यायचे ठरले. तडजोडीचा मजकूर दोघांनी पीडीएफ करून त्यावर डिजिटल सही केली. माझ्याकडे पाठवण्याआधी बाईंनी ती भाच्याच्या संगणकावर उघडली आणि Signature Panel मध्ये व्यापाऱ्याचं नाव स्वतः वाचून पाहिलं.